किल्लीतला सेल संपल्यावर बटणाने चालू होणारी गाडी कशी सुरू करावी, आणि तो सेल घरी बदलावा का?

मृण्मयी_वा

माझ्या वडिलांची गाडी बटण दाबून चालू होणारी आहे. काही दिवसांपासून किल्लीतले बटण दोन-तीनदा दाबल्याशिवाय दार उघडत नव्हते, आणि आता ते अजिबात उघडत नाही. किल्लीच्या पोटातून धातूची छोटी किल्ली निघते, तिने त्यांनी चालकाचे दार उघडले, पण दार उघडताच भोंगा वाजू लागला. घाबरून त्यांनी दार पुन्हा बंद केले आणि मला फोन केला. गाडी अजून तळघरातल्या पार्किंगमध्येच उभी आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आत बसल्यावर सेल संपलेल्या किल्लीने इंजिन सुरू करण्याची जी आपत्कालीन पद्धत असते, ती नेमकी कशी वापरायची? आणि सेल घरी बदलला, तर किल्ली आणि गाडी यांची ओळख पुसली जाते, असे एका परिचितांनी सांगितले आहे. ते खरे आहे का?

रानवारा

गाडी हातगिअरची असेल, तर दुसऱ्या गिअरमध्ये टाकून दोघांनी धक्का द्यावा आणि क्लच सोडावा. जुन्या गाड्या आम्ही नेहमी अशाच चालू करत असू. तळघरातून वर येणारा उतार असेल, तर मात्र आधी गाडी सपाट जागेवर आणावी लागेल.

वायरिंगवाले

रानवारा, तुमचा उपाय गाडीची मोठी बॅटरी उतरली असेल तेव्हाचा आहे. येथे किल्लीतला छोटा सेल संपला आहे. गाडीला ओळखीची किल्ली जवळ आहे अशी खात्री पटेपर्यंत इंजिनाचा संगणक इंधन आणि ठिणगी सोडतच नाही, त्यामुळे कितीही धक्का दिला तरी इंजिन पेटणार नाही. शिवाय अनेक गाड्यांचे स्टिअरिंगही तोपर्यंत कुलूपबंद असते आणि अशी गाडी ढकलणे धोक्याचे ठरते.

मृण्मयीताई, भोंग्याला घाबरू नका. गाडी रिमोटने बंद केली आणि नंतर धातूच्या किल्लीने उघडली, की पुष्कळ गाड्या तिला चोरी समजतात. गाडीने किल्ली ओळखली आणि इग्निशन चालू झाले, की भोंगा आपोआप थांबतो. वडिलांना सांगा, की आत बसावे, दार लावून घ्यावे आणि भोंगा वाजत असतानाच पुढची कृती शांतपणे करावी.

ही कृती का चालते ते समजले, तर ती हमखास जमते. किल्लीत दोन वेगळ्या यंत्रणा असतात. एक सेलवर चालणारी, जी काही मीटरवरून दार उघडते आणि खिशात असतानाही गाडीशी बोलते. दुसरी यंत्रणा म्हणजे तारेच्या वेटोळ्याला जोडलेली एक बारीक चिप, आणि तिला सेल लागतच नाही. गाडीतले वेटोळे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, त्यातूनच चिपला क्षणापुरती वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. अट एवढीच, की हे क्षेत्र जेमतेम काही सेंटिमीटरपर्यंत पोहोचते. म्हणून किल्ली त्या वेटोळ्याला जवळजवळ टेकवावी लागते.

ते वेटोळे कोठे आहे, एवढाच गाडीगणिक फरक असतो. टोयोटाच्या गाड्यांत ते स्टार्ट बटणाच्या मागे असते. ब्रेक दाबून ठेवायचा, किल्लीची चिन्ह असलेली बाजू बटणाला टेकवायची, आवाज आला की लगेच बटण दाबायचे. ह्युंदाईच्या अनेक गाड्यांत किल्लीनेच बटण दाबायचे असते. काही कंपन्या वेटोळे मधल्या कप्प्याच्या तळाशी ठेवतात, काही स्टिअरिंगच्या दांड्याच्या बाजूला. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत 'किल्लीचा सेल संपल्यास' अशा अर्थाचे पान असते, तेथे नेमकी जागा दिलेली असते.

पारिजातक

भोंगा वाजत असताना लोक जमतात, याचा ताण येतो, हे मी अनुभवले आहे. ब्रेक जोराने दाबून ठेवणे विसरले जाते आणि मग पद्धतच खोटी वाटू लागते. माझ्या गाडीत ब्रेक हलका दाबला तर बटण केवळ रेडिओ चालू करते, इंजिन नाही.

अरण्यक

पण खरोखर किल्लीचाच सेल गेला आहे, हे आधी कसे ओळखायचे? गाडीची मुख्य बॅटरी उतरली तरीही दार रिमोटने उघडत नाही आणि बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात.

वायरिंगवाले

प्रश्न योग्य आहे. किल्लीवर छोटा लाल दिवा असेल, तर बटण दाबून तो पाहावा. तो लागत नसेल किंवा अगदी मंद लागत असेल, तर दोष किल्लीकडे आहे. मग आत बसून स्टार्ट बटण दाबावे. पटलावर दिवे लागले आणि किल्ली सापडली नाही असा संदेश आला, तर गाडीची बॅटरी ठीक आहे. पटल काळेच राहिले किंवा आतला दिवा मंद झाला, तर मुख्य बॅटरी तपासावी. किल्ली कितीही टेकवली तरी उतरलेल्या बॅटरीवर गाडी काही करू शकणार नाही. मृण्मयीताईंच्या बाबतीत भोंगा जोरात वाजला, यावरूनच मुख्य बॅटरी जिवंत असल्याचे कळते.

मृण्मयी_वा

आपले उत्तर मी वडिलांना फोनवर वाचून दाखवले. ते आत बसले, ब्रेक दाबला, किल्ली बटणाला टेकवली, पण काहीही झाले नाही. पटलावर तोच संदेश येत राहिला. त्यांनी किल्ली फिरवूनही पाहिली.

वायरिंगवाले

किल्ली कोणत्या वेष्टनात आहे? आणि तिच्या कडीत आणखी काय आहे?

मृण्मयी_वा

किल्लीला चामड्याचे आवरण आहे, त्यावर धातूची पट्टी आहे. कडीत घराच्या किल्ल्यांचा जुडगा आणि माझ्या भावाच्या गाडीची किल्लीही आहे.

वायरिंगवाले

मग कारण बहुधा तेच आहे. धातूची पट्टी आणि किल्ल्यांचा जुडगा ते चुंबकीय क्षेत्र खाऊन टाकतात. दुसऱ्या गाडीची किल्ली जवळ असेल, तर दोन चिप एकाच वेळी उत्तर देऊ लागतात आणि गाडीला एकीचेही नीट ऐकू येत नाही. आवरण काढावे, किल्ली कडीतून पूर्णपणे सुटी करावी, मोबाइल किल्लीपासून दूर ठेवावा आणि पुन्हा प्रयत्न करावा. किल्ली बटणाला टेकवून स्थिर धरावी, फिरवत राहू नये.

मृण्मयी_वा

गाडी चालू झाली. आवरण आणि जुडगा काढल्यावर पहिल्याच प्रयत्नात आवाज आला, भोंगाही थांबला. वडील विचारत आहेत, की आता वाटेत गाडी बंद पडेल का? पटलावर किल्ली नसल्याचा संदेश मधूनमधून येत आहे.

वायरिंगवाले

चालू इंजिन त्या संदेशामुळे बंद होत नाही. किल्लीचा संपर्क तुटला म्हणून धावत्या गाडीचे इंजिन थांबवणे फारच धोकादायक ठरेल, म्हणून गाड्या फक्त इशारा देतात. मात्र मुक्कामी पोहोचेपर्यंत इंजिन मुद्दाम बंद करू नये, कारण पुन्हा सुरू करताना हीच कृती करावी लागेल. सिग्नलला आपोआप इंजिन बंद करणारी सोय गाडीत असेल, तर ती त्या फेरीपुरती बंद ठेवावी.

सुबोध_ग

आता सेलकडे वळू. बहुतेक किल्ल्यांत सीआर२०३२ किंवा सीआर२०२५ लागतो. दोन्ही ३ व्होल्टचे आणि दोन्ही सारख्याच व्यासाचे आहेत, त्यामुळे जो मिळेल तो बसवला तरी चालतो. आणि हो, जुना सेल काढल्यावर एका मिनिटात नवा घातला नाही, तर किल्लीची ओळख पुसली जाते. म्हणून नवा सेल आधी उघडून हाताशी ठेवावा.

वायरिंगवाले

सुबोधराव, व्होल्ट आणि व्यास यांबद्दल तुमचे म्हणणे बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. या नावांतले पहिले दोन अंक मिलिमीटरमधला व्यास सांगतात आणि शेवटचे दोन अंक मिलिमीटरच्या दशांशात जाडी सांगतात. म्हणजे एक ३.२ मिलिमीटर जाड, दुसरा २.५. जाड सेलच्या जागी पातळ बसवला, तर वरचा पितळी पाता त्याला सैल टेकतो, आणि पातळच्या जागी जाड दाबून बसवला तर तोच पाता वाकतो. सेलवर छापलेला क्रमांकच घ्यावा. एलआयआर२०३२ हा चार्ज होणारा सेलही मापाने सारखाच दिसतो, पण तो पूर्ण चार्ज झाल्यावर ४ व्होल्टच्या वर जातो, म्हणून तो घेऊ नये.

ओळखीचे म्हणाल, तर ती चिपमध्ये कायमची कोरलेली असते आणि तिला टिकण्यासाठी वीज लागत नाही. सेल काढून रात्रभर ठेवला तरी ती जात नाही. काही मोजक्या मॉडेलांत नव्या सेलनंतर रिमोटची बटणे पहिल्यांदा नीट उत्तर देत नाहीत, तेव्हा किल्ली टेकवून एकदा इंजिन सुरू केले किंवा पुस्तिकेतली छोटी कृती केली, की ती पुन्हा जुळतात. एका मिनिटाच्या घाईने मात्र माणसे पाते वाकवतात, हे मी कामावर पुष्कळदा पाहिले आहे.

सुबोध_ग

जाडीचा मुद्दा मला मान्य आहे. पण माझ्या आधीच्या गाडीत सेल बदलल्यावर किल्ली खरोखरच चालेना आणि ती पुन्हा नोंदवून आणावी लागली. म्हणून ओळख जाऊच शकत नाही, हे मी इतक्या ठामपणे मानणार नाही.

वायरिंगवाले

तुमच्या त्या किल्लीला काय झाले, हे तिला पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. सेल काढताना खालच्या पातळ पट्टीवर स्क्रूड्रायव्हरचे टोक लागले, तर तिची डाकणी सुटते आणि बाहेरून सारे ठीक दिसते. अशा वेळी नोंदणी करणारे पट्टीही सरळ करून देतात आणि श्रेय नोंदणीला मिळते.

मृण्मयी_वा

सेल बदलला, पण अडचण उरली आहे. आमच्या किल्लीतून निघालेला जुना सेल सीआर२०३२ होता, आणि वरची चर्चा वाचण्याआधीच भाऊ सीआर२०२५ घेऊन आला होता. तो बसवल्यावर किल्लीचा दिवा लागला, दारही उघडले. परंतु किल्ली खिशात ठेवून चालल्यावर गाडी कधी तिला ओळखते, कधी ओळखत नाही. किल्ली हातावर हलकेच आपटली, की पुन्हा चालते.

वायरिंगवाले

हे सैल संपर्काचे लक्षण आहे. सेल खरोखर संपत आला असता, तर अंतर हळूहळू घटले असते, आधी दहा पावलांवरून, मग दोन पावलांवरून, मग दारालगत. येथे आपटल्यावर चालते, म्हणजे वीज आहे, पण पाता तिला धरत नाही. खाली कागद किंवा चांदीची वर्खी घालून जाडी भरून काढण्याचा सल्ला कोणी देईल, तो घेऊ नये. वर्खी सरकली तर दोन ध्रुव जोडले जातात. योग्य सेल आणावा.

तो बसवताना घाई करू नये. आधी धातूची किल्ली बाहेर काढावी, तिच्या खाचेत बहुधा उघडण्याची फट दिसते. सपाट टोकाच्या स्क्रूड्रायव्हरला कापड गुंडाळून ती फट हळूच पिळावी, म्हणजे कवचाला ओरखडे पडत नाहीत. कवच उघडल्यावर जुना सेल कोणत्या बाजूने आहे, याचे छायाचित्र आधी काढावे, कारण काही किल्ल्यांत अधिक चिन्ह वर असते, काहींत खाली. सेल बाजूने उचलावा. धातूच्या चिमट्याने दोन्ही पृष्ठे एकाच वेळी पकडू नयेत, त्याने शॉर्ट होतो. कवच मिटवताना कडेचे रबरी वेढे असेल, तर ते जागेवर बसले आहे ना, हे पाहावे.

पारिजातक

एक भर घालते. नव्या सेलवर हल्ली काही उत्पादक कडू लेप देतात, मुलांनी तोंडात घातला तर लगेच थुंकावा यासाठी. काही उपकरणांत तो लेप पात्याच्या आड येतो आणि नवा सेल मृत वाटतो. सेल परत करण्याआधी अशी शक्यता पाहावी. आणि जुना सेल खणात टाकू नये. वीस मिलिमीटरचा सेल लहान मुलाने गिळला, तर तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकतो. संपलेल्या सेलमध्येही तेवढी वीज उरलेली असते. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे. उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये.

अरण्यक

मी माझ्या किल्लीतला सेल मल्टिमीटरने मोजला, तेव्हा २.९ व्होल्ट दाखवले. म्हणजे तो चांगला आहे, असे समजून मी किल्लीच बिघडली असे मानले होते. हे बरोबर आहे का?

वायरिंगवाले

मोकळ्या सेलच्या व्होल्टवरून या प्रकारात फारसे कळत नाही, कारण हा सेल आयुष्याचा मोठा भाग जवळजवळ एकाच व्होल्टवर काढतो. वय वाढले, की त्याचा आतला रोध वाढतो. मीटरला वीज जवळजवळ लागतच नाही, म्हणून तेथे तो तगडा दिसतो, आणि किल्लीने क्षणभर जास्त वीज मागितली, की व्होल्ट कोसळतात. कवच उघडे असताना सेलच्या दोन टोकांवर मीटर लावून किल्लीचे बटण दाबून धरावे आणि आकडा किती खाली येतो ते पाहावे. थंडीत हा रोध आणखी वाढतो, म्हणून थंड सकाळी न चालणारी किल्ली खिशात गरम झाल्यावर चालू लागते. तुमच्याकडे नवा, योग्य मापाचा सेल असेल, तर तोच बसवून पाहणे सर्वांत सोपे.

सुबोध_ग

सेल वर्षभरातच का संपतो, हाही एक प्रश्न आहे. माझ्या घरात किल्ली गाडीपासून भिंतीपलीकडे, अगदी जवळ टांगलेली असते. ती सतत गाडीशी बोलत राहते आणि सेल संपवते, असे मी ऐकले आहे.

वायरिंगवाले

ते गाडीवर अवलंबून आहे. काही गाड्या दाराच्या मुठीला हात लागल्यावरच किल्लीला हाक मारतात. अशी गाडी शेजारी उभी असली तरी किल्ली निवांत असते. ज्या गाड्या मालक जवळ येताच दिवे लावतात किंवा स्वतःहून दार उघडतात, त्या सतत हाक मारत राहतात, आणि तेथे टांगलेली किल्ली दर वेळी जागी होते. टोयोटाच्या पुस्तिकेत सेलचे आयुष्य एक ते दोन वर्षे दिले आहे, आणि किल्ली दूरदर्शन संच, संगणक, चार्ज होत असलेला मोबाइल यांच्याजवळ ठेवू नये, असेही म्हटले आहे.

अरण्यक

माझ्या गाडीत मुठीला हात लावल्यावरच दार उघडते, दिवे आपोआप लागत नाहीत. तरीही सेल वर्षाच्या आतच गेला. त्यामुळे किल्ली गाडीजवळ टांगण्याचा दोष पूर्णपणे नाकारावा, असे मला वाटत नाही.

भिंगरी

मी जुनी गाडी विकत घेतली, तिच्यासोबत पुस्तिका नव्हती. बटणाला किल्ली टेकवून पाहिली, तर काही होत नाही. सेल अजून चालू आहे, पण वेळ आली तर जागा माहीत असावी, म्हणून विचारते. वेटोळे कोठे शोधायचे?

वायरिंगवाले

सेल चालू असताना तुमचा प्रयोग काही सांगत नाही, कारण किल्ली गाडीत कोठेही असली तरी गाडी तिला ओळखते. आधी किल्ली उघडून सेल काढून ठेवा आणि मग प्रयोग करा. ब्रेक दाबून, किल्ली सुटी करून पहिल्यांदा बटण, मग मधल्या कप्प्याचा तळ आणि पेला ठेवण्याची जागा, मग स्टिअरिंगच्या दांड्याच्या दोन्ही बाजू. किल्लीचे किंवा लहरींचे छोटे चिन्ह कोरलेले असेल, तेथे आधी पाहावे. प्रत्येक ठिकाणी किल्ली दोन-तीन सेकंद स्थिर धरून बटण दाबावे.

भिंगरी

सापडले. मधल्या कप्प्यात रबराची चटई होती, ती उचलल्यावर तळाला किल्लीचे चिन्ह दिसले. चटईवर किल्ली ठेवली तर चालत नाही, चटई काढून तळाला टेकवली तरच इंजिन सुरू होते. रबराने अडथळा यावा, असे मला वाटले नव्हते.

वायरिंगवाले

रबराने क्षेत्र अडत नाही. चटईच्या जाडीमुळे किल्ली वेटोळ्यापासून वर जाते आणि त्या कप्प्यात सेंटिमीटरभर अंतरानेही फरक पडू शकतो. शक्य झाल्यास चटई काढून किल्ली उभी व आडवी, दोन्ही प्रकारे ठेवून पाहा आणि ज्या स्थितीत लगेच ओळख पटते, तिचे छायाचित्र काढून मोबाइलमध्ये ठेवा.

मृण्मयी_वा

सीआर२०३२ बसवला. आपटावे लागत नाही, खिशातूनही ओळख पटते. आता दुसरी राखीव किल्ली, जी कपाटात पडून आहे, तिचाही सेल तपासायला घेतला आहे. तिचा दिवा लागतो, पण दोन पावलांपलीकडून दार उघडत नाही.

वायरिंगवाले

तिचाही सेल बदलावा. कपाटात ठेवलेल्या किल्लीचा सेल वापर नसला तरी हळूहळू झिजतो, कारण ती गाडीची हाक ऐकण्यासाठी सतत थोडी वीज घेत असते.